मदत हवी आहे: आतड्याला पिशव्या निघाल्या, आता तीळ, कूट, पेरू कायमचं बंद?

कारळाची_चटणी:
सासूबाई 66 वर्षांच्या. शौचावाटे थोडं लाल पडत होतं म्हणून मागच्या महिन्यात कोलोनोस्कोपी झाली. रक्त मूळव्याधीचं निघालं, पण रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती: सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात, चार-पाच डायव्हर्टिक्युला, म्हणजे पिशव्या, सूज नाही. डॉक्टर म्हणाले, वयानुसार होतं, काळजी नको. घरी आल्यावर नणंदेने इंटरनेटवर डायव्हर्टिक्युलायटिस शोधलं आणि त्या दिवसापासून घरात बंदी लागली. तीळ, खसखस, जवस, शेंगदाण्याचं कूट, पेरू, वांगं, भेंडी, अंजीर, टोमॅटो, सगळं बंद. ‘बी पिशवीत अडकली की आतडं फुटतं’ असं तिचं म्हणणं. तपासणीआधीच्या कागदावर ‘बिया असलेले पदार्थ टाळा’ असं छापलेलं होतं, तोच पुरावा.

आता आई दोन्ही वेळा दहीभात आणि मऊ खिचडी खातात. बद्धकोष्ठ इतकं वाढलंय की मूळव्याध पुन्हा दुखायला लागली. आमच्याकडे कुटाशिवाय एक भाजी होत नाही, मी करू तरी काय? ही बंदी खरंच लागते का?

अण्णा_कोल्हापूरकर:
टोमॅटोच्या बिया नकोतच. माझ्या मेव्हण्याला मुतखडा झाला तेव्हा पालक, टोमॅटो सगळं बंद केलं होतं. कुळथाचं पाणी द्या रोज सकाळी, खडा विरघळतो म्हणतात.

कारळाची_चटणी:
अण्णा, खडा नाही हो, आतड्याचं आहे.

निवृत्त_स्कोपवाला:
तीस वर्षं पोटाच्या वॉर्डात काढली, म्हणून लिहितो. तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टींची एकच गोष्ट झाली आहे. आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात ती जागा जराशी कमकुवत असते. वर्षानुवर्षं दाब पडून तिथे आतलं अस्तर बाहेर फुगतं. अशा पिशव्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. बहुतेकांना कळतही नाही, दुसऱ्या कशासाठी दुर्बीण घातली की दिसतात. त्यातली एखादी सुजली, ताप आला, पोट दुखलं, तर ते डायव्हर्टिक्युलायटिस. पिशव्या असलेल्या शंभरांत पाचांनाही सहसा ते होत नाही. रिपोर्टमध्ये ‘सूज नाही’ लिहिलंय ना? मग नणंदबाईंनी वाचलं ते दुसऱ्या आजाराचं.

आणि तो कागद! कोलोनोस्कोपीच्या आधी तीन-चार दिवस बिया बंद करतात त्या आम्हाला नीट दिसावं म्हणून. टोमॅटोच्या, पेरूच्या बिया पचत नाहीत, आतड्याला चिकटून राहतात आणि ओढून घ्यायला गेलं की दुर्बिणीच्या नळीत तुंबतात. एकदा अंजिराच्या बियांनी माझी अर्धी सकाळ खाल्ली होती. तपासणी संपली की त्या सूचनेचं काम संपलं. पण तो कागद फ्रिजवर चिकटतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

सर्जिकल_सुहास:
डॉक्टर, थोडं थांबा. अडकण्याची कल्पना अगदीच खुळी नाही. अपेंडिक्समध्ये मळाचा खडा अडकून सूज येते, ते आम्ही ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी पाहतो. पिशवीतही मळाचे खडे सापडतात. माझे सर तर प्रत्येक पेशंटला शेंगदाणे बंद सांगायचे.

निवृत्त_स्कोपवाला:
खडा सापडतो, बरोबर. पण तो मळाचा, शेंगदाण्याचा नव्हे. तुमच्या सरांनी सांगितलं, माझ्याही सरांनी सांगितलं, मीही 2008 पर्यंत सांगत होतो. त्या वर्षी अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. आरोग्य क्षेत्रातल्या 47 हजारांवर पुरुषांना 18 वर्षं विचारत राहिले, काय खाता म्हणून. आठवड्यातून दोनदा तरी नट्स खाणाऱ्यांत ही सूज जास्त आढळायला हवी होती. उलट, महिन्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा ती साधारण 20 टक्के कमी होती. पॉपकॉर्नचंही तसंच. रक्तस्रावाशीही संबंध दिसला नाही. नट्स वाचवतात असं मी यावरून म्हणणार नाही. असे लोक एकूणच नीट खात असतील, चालत असतील. पण नट्सने बिघडतं असं म्हणायला आधार उरला नाही. 2015 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट बंदी नको म्हटलं. 2025 मध्ये बायकांवरचा अभ्यास आला, त्यातही नट्स-बियांनी धोका वाढलेला नाही.

न्यू_जर्सीचा_बाळ्या:
मला खरंच झालंय म्हणून सांगतो. डाव्या बाजूला खाली, बेंबीच्या तिरकं, बोट ठेवता येईल अशी कळ. खोकलं तरी जीव जायचा. 101 ताप. सीटी स्कॅन केल्यावर निदान झालं. दोन दिवस नुसतं सूप आणि सफरचंदाचा रस, मग मऊ भात, मग हळूहळू नेहमीचं. आता शेंगदाणे, बदाम सगळं खातो, तीन वर्षं झाली. तेव्हा बिनधास्त खा!

कारळाची_चटणी:
बाळ्या, तुझं वाचून धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी आईंना असंच डावीकडे दुखून ताप आला होता. लघवीचं इन्फेक्शन म्हणून पाच दिवस गोळ्या दिल्या, बरं वाटलं. स्कॅन वगैरे काही नाही. मग ते तेच होतं का? आणि असेल तर बियांचं गणित बदलतं का?

निवृत्त_स्कोपवाला:
असू शकेल, नसूही शकेल. स्कॅन नसताना आता कुणीच ठरवू शकणार नाही. तेव्हाचा लघवीचा रिपोर्ट असेल तर त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरा प्रश्न नेमका आहे. त्या अभ्यासातले पुरुष सुरुवातीला या आजारापासून मोकळे होते. एकदा सूज येऊन गेलेल्यांना दोन गटांत विभागून एका गटाला दाणे देऊन पाहिलंय, असं कुणी केलेलं नाही. आणि तीळ, कारळ असं एकेक करून तिथे विचारलेलं नव्हतं. एका बाळ्याच्या तीन वर्षांवरूनही काही ठरत नाही. तरी बंदीच्या बाजूने पुरावा शून्य आहे, आणि बंदीचं नुकसान तुमच्यासमोर आहे. मी असतो तर बंदी उठवली असती.

एक विचारू? या वयात गुडघे दुखतात, त्यासाठी सासूबाई वेदनाशामक घेतात का?

कारळाची_चटणी:
डायक्लोफेनॅक. जवळपास रोज, दुकानातून आणून.

निवृत्त_स्कोपवाला:
मला कुटापेक्षा याची चिंता जास्त वाटते. त्या जातीच्या गोळ्यांनी सूज आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पर्याय डॉक्टरांना विचारा. हृदयासाठीची ऍस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका.

सर्जिकल_सुहास:
मान्य, पण कवळी असेल तर अख्खे दाणे मी अजूनही देणार नाही. बी अडकते म्हणून नाही, चावलं जात नाही म्हणून.

कारळाची_चटणी:
कवळी आहेच. पण कूट तर दळलेलंच असतं.

निवृत्त_स्कोपवाला:
मग झालं की. आज रात्री एक चमचा कूट घालून भोपळ्याची भाजी करा. दोन-तीन दिवसांनी पालेभाजी, मग सालासकट मूग. दहीभातावरून एकदम ज्वारी-मटकीवर नेलंत तर गॅसने पोट फुगेल आणि नणंदबाई म्हणतील, बघा! इसबगोल रात्री एक चमचा, सोबत मोठा पेला पाणी. पोटात सतत एकाच जागी दुखलं, ताप आला किंवा न दुखता भरपूर लाल रक्त पडलं, तर मात्र धाग्यावर विचारत बसू नका, सरळ दवाखाना.

अण्णा_कोल्हापूरकर:
कुळीथ चालेल ना मग?

निवृत्त_स्कोपवाला:
चालेल अण्णा. पिठलं करा.

कारळाची_चटणी:
भोपळ्याची भाजी झाली. आई दोनदा घेऊन जेवल्या. नणंदेला अजून सांगितलेलं नाही. फ्रिजवरचा कागद काढलाय.