शब्दचर्चा: ‘अर्धायुष्य’ आणि स्प्रेडचं परतणं

नळस्टॉप
दोन खासगी बँकांच्या शेअरची जोडी मी गेलं वर्षभर पाहतोय. एकाच्या भावाच्या लॉगमधून दुसऱ्याच्या लॉगची 0.8 पट वजा केली की जो फरक उरतो, तो माझा स्प्रेड. तो सरासरीपासून लांब गेला की परत येतो. तो किती दिवसांत परततो हे मोजणाऱ्या आकड्याला इंग्रजीत ‘हाफ लाइफ’ म्हणतात. मी मराठीत टिपण लिहितोय आणि ‘अर्धायुष्य’ लिहिलं. 250 दिवसांच्या बंद भावांवरून असं काढलं:

```python
ds = s.diff().dropna()
lag = s.shift(1).loc[ds.index]
b = np.polyfit(lag, ds, 1)[0]
h = -np.log(2) / np.log(1 + b)
```

`b` आला -0.07, म्हणजे `h` साधारण साडेनऊ दिवस. अर्धं आयुष्य साडेनऊ, म्हणून पूर्ण आयुष्य एकोणीस धरलं आणि एकोणिसाव्या दिवशी सौदा सक्तीने बंद करायचा नियम केला. पण बहुतेक सौद्यांत त्या दिवशी स्प्रेड सरासरीवर आलेलाच नसतो. शब्द चुकलाय की हिशोब?

पर्वतीपायथा
‘आयुष्य’ हा शब्द सजीवांसाठी. शेअरला कसलं आयुष्य? ‘मुदत’ म्हणा. साडेनऊ दिवसांची अर्धी मुदत.

औषधवाली
मुदत म्हटलं की ठेवीसारखं वाटतं, ठरलेल्या दिवशी संपणारं. इथे तसं नाही. मी औषधांच्या दुकानात बसते, आमच्याकडे हा शब्द रोजचा. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन-तीन तास. म्हणून सहा तासांत ते शरीरातून पूर्ण जातं का? नाही. निम्मं जातं, मग उरलेल्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं. पाच वेळा निम्मं झालं की शंभरातले तीनच उरतात, तेव्हा गेलं असं धरतो. दोन अर्धायुष्यं मिळून एक आयुष्य होत नाही.

मुठाकाठ
औषधवाली ताई, बरोबर पकडलंत. घोटाळा शब्दानेच केलाय. ‘अर्ध’ हे विशेषण ‘आयुष्या’ला चिकटलं की वाचणारा दुप्पट करणारच. निम्मा होतो तो फरक, काळ नव्हे. मी ‘निमकाळ’ म्हणेन, किंवा सरळ ‘निम्मं ओसरायला लागणारे दिवस’. खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला की भिडे पूल पाण्याखाली जातो, मग पाणी उतरतं. त्याला आपण ‘पाणी ओसरलं’ म्हणतो, ‘पाण्याचं आयुष्य संपलं’ म्हणत नाही.

आता तुमचे एकोणीस दिवस. शिरताना स्प्रेड सरासरीपासून दोन सिग्मा, म्हणजे त्याच्या नेहमीच्या चढउताराच्या दुप्पट, लांब असेल, तर साडेनऊ दिवसांनी सरासरीने एक सिग्मा उरेल आणि एकोणिसाव्या दिवशी अर्धा. म्हणजे सौदा बिघडलेला नाही, तो जसा चालायला हवा तसाच चाललाय. सरासरी वाटेने हा फरक शून्याला कधी पोचतच नाही. प्रत्यक्षात शून्य ओलांडतो तो रोजच्या चढउतारांच्या धक्क्यांमुळे, आणि त्याची तारीख कुणाला ठरवता येत नाही. म्हणून बाहेर पडायची पातळी अर्ध्या सिग्मावर ठेवा आणि सक्तीची मुदत तीन निमकाळ, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस दिवस.

लकडीपूल
मुदतीचं पटलं. पण निमकाळाचा खरा उपयोग लुकबॅक, म्हणजे मागचे किती दिवस पाहायचे, ते ठरवायला होतो. साडेनऊ आला ना, मग फिरती सरासरी दहा दिवसांची घ्यायची. मी तेच करतो आणि झेड-स्कोअर, म्हणजे त्या सरासरीपासूनचं सिग्मांतलं अंतर, झटपट शून्यावर येतो.

मुठाकाठ
झटपट येतो, पण कोण कोणाकडे येतं ते पाहा. ‘परतणे’ या क्रियापदात जागा स्थिर असते आणि माणूस चालून येतो. दहा दिवसांच्या सरासरीत जागाच चालायला लागते. स्प्रेड दोन सिग्मावर गेला आणि दहा दिवस तिथेच बसून राहिला, तर तुमची सरासरी उठून त्याच्याकडे जाते. झेड शून्य होतो, तुम्ही सौदा बंद करता आणि पदरात खर्च पडतो. ते परतणं नव्हे. तपासायचं असेल तर बंद झालेल्या सौद्यांची यादी काढा. झेड शून्यावर आला तरी नफा नाही, असे सौदे किती आहेत ते मोजा.

लकडीपूल
काल रात्री बसून पाहिलं. बेचाळीस सौद्यांत सतरा तसे निघाले. मी ते दलालीच्या खात्यावर टाकत होतो. मग खिडकी किती ठेवायची?

मुठाकाठ
निमकाळाच्या काही पट, एवढंच खात्रीने सांगते. मी चार ते सहा पट घेते, पण माझ्याच ओळखीचे लोक दुपटीवर काम करतात. मूळ सरासरी खरोखरच हळूहळू सरकत असेल, तर फार लांब खिडकीही चुकते.

निमकाळ मोजायची खिडकी मात्र वेगळी, तिची या खिडकीशी गल्लत नको. तिथे दिवस कमी असले की आकडा बहुतेकदा एकाच बाजूला चुकतो, परतणं आहे त्यापेक्षा वेगवान दिसतं. कारण सरासरीही त्याच थोड्या दिवसांतून काढलेली असते, मग स्प्रेड तिच्याभोवतीच घुटमळल्यासारखा वाटणार. आजचा फरक कालच्या 0.93 पट असं 250 दिवसांवरून आलं असेल, तर ही ओढ साधारण 0.015 ची. दुरुस्त आकडा 0.945, निमकाळ बारा दिवस. तेच 0.93 साठ दिवसांवरून आलं असतं तर ओढ 0.063, म्हणजे दुरुस्त आकडा 0.993. त्याचा निमकाळ सुमारे शंभर दिवस, म्हणजे परतणं जवळजवळ नाहीच.

नळस्टॉप
माझे 250 आहेत, म्हणजे बारा धरू?

मुठाकाठ
बारा धरा, पण त्याभोवतीचा धूसरपणा लक्षात ठेवा. 250 दिवसांत त्या 0.93 ची प्रमाण त्रुटी 0.023 च्या आसपास. दोन्ही बाजूंना दुप्पट सोडली, तर दुरुस्तीआधीचाच निमकाळ साडेपाचपासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत कुठेही बसतो. ‘साडेनऊ’मधला तो ‘साडे’ टिपणातून काढून टाका.

आणि एक विचारते. ते 0.8 कुठून आणलंत?

नळस्टॉप
त्याच 250 दिवसांवरून, रिग्रेशनने.

मुठाकाठ
मग उतार, म्हणजे तुमचा `b`, भागिले त्रुटी, सुमारे उणे तीन. गुणोत्तर आधीपासून ठरलेलं असतं, तर पाच टक्क्यांच्या कसोटीला उणे 2.87 पुरलं असतं आणि तुम्ही पास झाला असता. पण स्प्रेड जास्तीत जास्त शांत दिसेल असं गुणोत्तर तुम्ही त्याच आकड्यांतून निवडलंत, म्हणून उंबरठा उणे 3.34 च्या जवळ जातो. तिथे तुमची जोडी अडते. ती परततच नाही असं मी म्हणत नाही. ती परतते हे या 250 दिवसांनी सिद्ध केलेलं नाही. निमकाळाचा आकडा तर निव्वळ भटकणाऱ्या मालिकेवरूनही निघतोच, सूत्र तक्रार करत नाही.

औषधवाली
आमच्याकडे हा प्रश्न येत नाही. औषध ओसरतं हे आधीच ठाऊक असतं, फक्त वेग मोजायचा.

लकडीपूल
नळस्टॉप, अजून एक व्यवहाराची गोष्ट. रात्रभर शॉर्ट ठेवायचं म्हणजे तुम्ही फ्युचर्समध्येच असणार. निमकाळ बारा, मुदत छत्तीस, म्हणजे छत्तीस बाजारदिवस, सात आठवड्यांहून जास्त. एक एक्स्पायरी मध्ये येणारच, बहुतेकदा दोन. दर वेळी दोन्ही बाजू पुढच्या महिन्यात न्यायचा खर्च दोनपासून अर्ध्या सिग्मापर्यंत मिळणाऱ्या दीड सिग्मातून वजा करून पाहा. एक्स्पायरीपर्यंत तसंच सोडलं तर शेअर्सची डिलिव्हरी गळ्यात पडते.

नळस्टॉप
तो खर्च मी धरलाच नव्हता. आधीच्या दोन वर्षांचे भाव आज उतरवतो. 0.8 तेच ठेवून, नव्याने न काढता, या जुन्या दिवसांवर उतार पाहतो. टिपणात ‘निमकाळ’ लिहितोय.

पर्वतीपायथा
‘निम’ला जोडून शब्द आपल्याकडे आहेत, निमगोरा, निमशहरी. पण तिथे ‘निम’ म्हणजे ‘पुरता नाही तो’. निमकाळ वाचून कुणी ‘अपुरा काळ’ समजला तर?

मुठाकाठ
हरकत रास्त आहे. ‘निम्मेकाळ’ केलं तर ती टळते, पण मग परत काळच निम्मा वाटतो. ‘ओसरकाळ’ कानाला बरा लागतो, त्यात ‘निम्मं’ मात्र हरवतं. तुम्हाला काही सुचतंय का?