सतरा प्रश्न, ‘बाहेरचा माल’ आणि काकांचा चिनी मोबाईल

टिळकवाडी एमबीए: इंटरनॅशनल मार्केटिंगच्या असाइनमेंटसाठी बेळगावच्या गणपत गल्लीत सर्व्हे केला. स्वदेशीवाद मोजणारी शिंप आणि शर्मांची १९८७ ची पट्टी, सेटस्केल, वापरली, सतरा प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ गुण. शेजारच्या काकांना ११९ पैकी १०१ पडले. म्हणजे कट्टर स्वदेशी. आणि खिशात चिनी मोबाईल! थिअरी आपल्याकडे लागू होत नाही असं लिहिलं तर चालेल का?

कॅम्पातला बंड्या: बिनधास्त लिही. बोलताना स्वदेशी, पैसे मोजताना स्वस्त. गलवाननंतर २०२० मध्ये आमच्या गल्लीत चिनी मालावर बहिष्कार घातलेला. दिवाळीला माळा कुठल्या लागल्या ते विचारू नकोस.

शहापूरकर: बंड्याचं निम्मं बरोबर आहे. किंमत आडवी येतेच. पण ही पट्टी खरेदी मोजतच नाही. परदेशी माल घेणं योग्य की अयोग्य, एवढंच ती विचारते. माल चांगला की वाईट हे माणूस वेगळं ठरवतो. ‘जर्मन मशीन आहे, बघायला नको’ म्हणतो तो उगमदेशाचा परिणाम. एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही सुखाने नांदतात. शिवाय काकांच्या बजेटमध्ये दुकानात भारतीय कंपनीचा फोन होता का? पर्यायच नसेल तर १०१ गुण काय करणार? आणि खोक्यावर काय छापलंय ते बघ. चिनी ब्रँडचे कितीतरी फोन इथेच जुळवतात आणि वर ‘मेड इन इंडिया’ असतं. काका तो फोन स्वदेशी समजत असतील तर विसंगती तुझी आहे, त्यांची नाही.

कॅम्पातला बंड्या: मग चीनवरचा राग? तो पण स्वदेशीच ना?

शहापूरकर: नाही. क्लाइन आणि मंडळींनी नानजिंगमध्ये जपानी मालाबद्दल विचारलं होतं, १९९८ चा पेपर आहे. जपानी माल चांगला हे मान्य असूनही जुन्या युद्धाच्या रागापोटी लोक तो घ्यायला नाखूष. राग एका देशावर असतो, स्वदेशीवाद सगळ्याच परक्या मालावर. ओळखायचं कसं? तोच मिक्सर, तीच किंमत. एकदा जपानी म्हणून दाखव, एकदा जर्मन, एकदा चिनी. तिन्हीला नाक मुरडलं तर स्वदेशीवाद. फक्त चिनीला मुरडलं तर राग असेल, नाहीतर ‘चिनी म्हणजे टिकत नाही’ हा समज असेल. म्हणून दर्जाबद्दल वेगळा प्रश्न ठेव.

अथणी चप्पलवाले: माझं पण हेच दुखणं आहे की! आमच्या अथणीत बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कान हाताने शिवलेले. पुण्याचं गिऱ्हाईक चप्पल उलटीपालटी करतं, करकर ऐकतं, आणि विचारतं, ‘कोल्हापूरहून आणली ना?’ अथणी म्हटलं की दोनशे कमी करा म्हणतं. हा स्वदेशीवादच झाला ना?

शहापूरकर: तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण मजेचा. त्यात देशप्रेम कुठे आलं? गिऱ्हाईक गावाच्या नावावरून दर्जा ठरवतंय. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना आहे, त्यात बेळगाव जिल्हा आहे. म्हणजे तुमची चप्पल कायद्यानेही कोल्हापुरीच.

ज्योती, निपाणी: सर, देशप्रेम नसेल, पण आपपरभाव आहे. आमच्याकडे दूध कुठल्या संघाचं घेता यावरून माणूस कुठला ते कळतं. पट्टीत भारताच्या जागी राज्य घातलं तर काय बिघडलं?

शहापूरकर: पट्टी देशासाठी बेतलेली आहे. परक्या मालाने आपला रोजगार बुडतो ही त्यातली मुख्य भीती. निपाणीची बाई कोल्हापूरचं दूध घेते तेव्हा तिला कुणाचा रोजगार आठवतो? शब्द बदलले की पट्टी नवी झाली, ती पुन्हा तपासायला हवी.

ज्योती, निपाणी: आठवतो की! पलीकडच्या गावात माहेर आहे, भावाची म्हैस आहे. मला काही पटलं नाही.

टिळकवाडी एमबीए: एक विचारायचं राहिलं. ‘इम्पोर्टेड’ हा शब्द जड वाटला म्हणून प्रश्नांत सगळीकडे ‘बाहेरचा माल’ लिहिलंय. चालेल ना?

शहापूरकर: अरे देवा. हे आधी सांगायचं. बेळगावात ‘बाहेरचा’ म्हणजे कोण? कुणाला बेंगळूर, कुणाला गुजरात, कुणाला मॉलवाला. काकांना विचार, उत्तर देताना डोळ्यांपुढे काय होतं?

टिळकवाडी एमबीए: विचारलं. म्हणाले, ‘ते ऑनलाइनवाले. आमच्या रविवार पेठेतली दुकानं बसवली त्यांनी.’

कॅम्पातला बंड्या: 😂 १०१ गुण ऑनलाइनवाल्यांना!

शहापूरकर: मग हे फॉर्म बाजूला ठेव. ‘परदेशात तयार झालेला माल’ असं सरळ लिही. ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही अशाकडून मराठीचं परत इंग्रजी करून घे आणि दोन्ही ताडून बघ. कन्नड बोलणाऱ्यांसाठी कन्नड फॉर्मही तसाच. पाच-सहा जणांना मोठ्याने विचार करत भरायला लाव, चूक तिथेच सापडते. आणि पहिला फॉर्म का फसला हे असाइनमेंटमध्ये लिही, लपवू नकोस.

टिळकवाडी एमबीए: सबमिशन शुक्रवारी आहे सर.

अथणी चप्पलवाले: ते राहू दे. मी पाटीवर ‘अथणी’ लिहू की ‘कोल्हापुरी’?