मदत हवी आहे: रनआऊटवरून ग्रुपवर पेटलंय, मेसेज कसा लिहू?

रविवारी शेवटच्या ओव्हरला आमचा सेट बॅट्समन रनआऊट झाला, मॅच गेली. 'कॉल माझा होता' विरुद्ध 'बॉल तुझ्या मागे होता, कॉल माझाच', असं दोघांचं टीमच्या ग्रुपवर रात्रभर चाललं. आता गोष्ट 'तुझ्यामुळे याआधीही हरलोय'वर आलीय. दोघांना वेगवेगळा फोन केला, दोघंही म्हणाले, "आधी त्याला सांग." ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' केला, तर मी बाजू घेतली म्हणे! शनिवारी मॅच आहे, जेमतेम अकराच जण आहेत, त्यामुळे कोणालाही बसवता येणार नाही.

हा मेसेज टाकू का?

"रन दोघांचा होता, विकेट टीमची गेली. कॉलिंगचं शुक्रवारी नेटवर ठरवू. तोवर इथे फक्त शनिवारचं बोलू."

यात 'दोघांचा' शब्द खटकेल का? की रनआऊटचा उल्लेखच गाळू?