मदत हवी आहे: दाजींना फ्लूचा न्यूमोनिया, बेळगावात आयसीयूत आहेत, डॉक्टर ट्यूब घालायला सही मागतायत

मलप्रभाकाठ
नमस्कार. आयसीयूच्या बाहेर बसून लिहितोय, विस्कळीत झालं तर समजून घ्या.

माझे दाजी, वय ४८, गाव खानापूर तालुक्यात. शुगर आहे, वजन ९२ किलो, उंची ५ फूट ५ इंच. आधी ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला होता. गावात सलाईन आणि अँटिबायोटिक झालं. पाचव्या दिवशी बोलताना वाक्य पुरं होईना, तेव्हा बेळगावला आणलं. स्वॅबमध्ये एच१एन१ निघाला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतात. टॅमिफ्लू इथं आल्यावर सुरू केलं. नाकातून मोठ्या प्रवाहाचा ऑक्सिजन, म्हणजे हाय-फ्लो, चालू आहे.

काल संध्याकाळी हाय-फ्लो ६० टक्क्यांवर होता. सॅच्युरेशन ९२, श्वास मिनिटाला ३२. रक्तातल्या वायूंच्या रिपोर्टात ऑक्सिजन ६६, कार्बन डायऑक्साइड ३०. आज सकाळी हाय-फ्लो ८० टक्के, सॅच्युरेशन ९०, श्वास ३८, ऑक्सिजन ६०, कार्बन डायऑक्साइड ४३.

डॉक्टर म्हणतात आता ट्यूब घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, थांबण्यात धोका आहे. संमतीपत्र कन्नडमध्ये आहे, सिस्टरनी मराठीत समजावून सांगितलं. पण अक्का सही करायला तयार नाही. कोविडात आमच्या भावकीतले दोघे व्हेंटिलेटरवर गेले, ते परत आलेच नाहीत. दाजी शुद्धीवर आहेत, हातानं खुणा करून बोलतात. बोलणाऱ्या माणसाला नळी कशाला, असं ती म्हणते. पुण्याला हलवावं असं चुलत्यांचं मत आहे. काय करू कळंना.

औषधवाला_निपाणी
दादा, धीर धरा. कार्बन डायऑक्साइडची नॉर्मल रेंज ३५ ते ४५. काल ३० होता म्हणजे कमी होता, आज ४३ म्हणजे नॉर्मलला आला. ही चांगली खूण वाटते. घाईनं नळी घालू देऊ नका, आधी बायपॅपचा मास्क लावून बघा म्हणावं. आणि टॅमिफ्लू पहिल्या ४८ तासांत लागू पडतं, आता त्याच्यावर फार विसंबू नका.

शहापूरची_वैनी
भाऊ, आमच्या ह्यांनाही कोविडात असंच झालं होतं. स्टेरॉइड आणि रेमडेसिविर दिलं, पोटावर झोपवलं आणि नळी न घालता घरी आले. तुमच्या डॉक्टरांना स्टेरॉइडचं विचारा. अक्काला सांगा, धीर सोडू नको.

भूलतज्ज्ञ_मिरज
मी आयसीयूत काम करतो. रुग्ण मी पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही दिलेले आकडे वाचून एक गोष्ट आजच सांगायला हवी.

औषधवाला यांनी दिलेली रेंज बरोबर आहे, पण ती शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसासाठी. मिनिटाला ३८ श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडून कमीच असायला हवा. काल ३२ श्वासांवर तो ३० होता, म्हणजे छाती नेट लावून काम करत होती. आज श्वास वाढले आणि तरी तो ४३ वर चढला. याचा अर्थ प्रत्येक श्वास उथळ झालाय आणि स्नायू थकत चाललेत. हा ‘नॉर्मल’ आकडा सुधारणेचा नाही, दमल्याचा आहे. पुढचा रिपोर्ट ५५ आला तर त्या वेळची नळी घाईत आणि फार जोखमीत घालावी लागेल.

दुसरा हिशेब ऑक्सिजनचा. काल ६० टक्क्यांवर ६६ मिळत होता, ६६ भागिले ०.६ म्हणजे ११०. आज ६० भागिले ०.८ म्हणजे ७५. निरोगी माणसात हा आकडा ४०० च्या पुढं असतो, १०० च्या खाली गेला की आम्ही तीव्र गटात धरतो. सॅच्युरेशन ९२ चं ९० झालं म्हणून बाहेरून फारसं बिघडलेलं दिसत नाही, पण तेवढंसुद्धा टिकवायला ऑक्सिजन कितीतरी जास्त लागतोय.

असं का होतं ते अक्कांना या शब्दांत सांगा. फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. फ्लूचा विषाणू त्यांचं अस्तर मारतो, मग शेजारच्या रक्तवाहिन्यांतलं पाणी आणि प्रथिनं आत झिरपतात. पिशव्या उघड्या ठेवणारा नैसर्गिक लेपही कमी पडतो, काही भरतात, काही मिटतात. रक्त मात्र त्यांच्या बाजूनं वाहतच राहतं आणि ऑक्सिजन न घेता पुढं जातं. जिथं हवा पोचतच नाही तिथं नाकातून ८० टक्के द्या की १०० टक्के द्या, फरक थोडाच पडतो.

औषधवाला_निपाणी
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. पण बायपॅप एकदा लावून बघायला काय हरकत?

भूलतज्ज्ञ_मिरज
काही रुग्णांना चालतो. पण इतक्या खाली आलेल्या रुग्णात तो बऱ्याचदा फसतो. हवेची भूक लागलेला माणूस मास्कमधून फार मोठे श्वास ओढतो आणि आजारी फुप्फुस त्या ताणानं आणखी फाटतं. वर नळीला उशीर होतो, तो वेगळाच.

टॅमिफ्लूबद्दल: ४८ तासांच्या आत दिलं तर सगळ्यात चांगलं, हे खरं. पण गंभीर होऊन दाखल झालेल्याला उशिरा का होईना देतातच. ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मूत्रपिंड बिघडलं तर डोस बदलतो. नळी घातल्यावरही कॅप्सूल उघडून पाण्यातून पोटाच्या नळीवाटे देता येते.

वैनी, तुमचे यजमान बरे झाले हे वाचून बरं वाटलं. मात्र कोविडात स्टेरॉइडचा फायदा चाचणीत दिसला होता, फ्लूचं तसं नाही. फ्लूत स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू आणि दुसरा जंतुसंसर्ग जास्त दिसला आहे. अर्थात जास्त आजारी लोकांनाच ते दिलं गेलं असणार, म्हणून वाद मिटलेला नाही. रेमडेसिविर हे फ्लूचं औषधच नव्हे.

मलप्रभाकाठ
अक्काला वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न आहे: मशीन लावलं तर फुप्फुस बरं होईल का? आणि पुण्याचं काय?

भूलतज्ज्ञ_मिरज
मशीन फुप्फुस बरं करत नाही. विषाणू ओसरून अस्तर पुन्हा येईपर्यंत श्वासाचं काम ते स्वतःवर घेतं आणि तेवढा वेळ मिळवून देतं. ते जपून चालवलं नाही तर स्वतःच इजा करतं, म्हणून श्वास मुद्दाम लहान देतात. किती लहान, ते वजनावरून नाही, उंचीवरून ठरतं. दाजी ९२ किलोचे असले तरी १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन साडेएकसष्ट किलोच्या आसपास येतं. किलोमागे ६ मिली धरले तर एका श्वासाला सुमारे ३७० मिली. ९२ धरून कोणी ५५० दिले तर आजारी फुप्फुसावर ते फार होतील. ‘श्वास किती मिलीचा ठेवलाय आणि दाब ३० च्या आत आहे का’ एवढं विचारा. चांगल्या टीमला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरा मोठा उपाय पोटावर झोपवण्याचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीव्र आजाराचे व्हेंटिलेटरवरचे रुग्ण रोज किमान १६ तास पालथे ठेवले होते. २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, माणसं लागतात.

खोटी आशा दाखवणार नाही. ५० देशांतल्या आयसीयूंची एक मोठी पाहणी २०१६ साली आली. तीव्र गटातले सुमारे ४६ टक्के रुग्ण घरी गेले नाहीत. म्हणजे निम्म्याहून जास्त बरे होऊन घरी गेले. भावकीतले दोघे गेले त्याचं दुःख खरं आहे, पण नळीमुळे गेले असं त्यावरून म्हणता येणार नाही. नळी लागते तीच सगळ्यात आजारी माणसांना.

पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ८० टक्क्यांवर ६० लिटरचा प्रवाह म्हणजे मिनिटाला सुमारे ४५ लिटर शुद्ध ऑक्सिजन. १५०० लिटरचं सिलिंडर अर्ध्या तासात संपेल, ७००० लिटरचं मोठं अडीच तासांत. कराडच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी गाडीतच नळी घालायची वेळ आली तर? हलवायचंच असेल तर आधी नळी, मग स्थिरता, मग प्रवास.

खानापूर_सिस्टर
मी आयसीयूत ड्युटी करते. पोटावर ठेवल्यावर भेटायला जाल तर एक आधीच सांगून ठेवते. चेहरा सुजतो, ओठ फुगतात, ओळखू येत नाहीत. अक्कांनी तसं अचानक बघितलं तर घाबरतील. पालथं करायला आम्ही चार-पाच जण लागतो. एक जण फक्त डोकं आणि नळी धरतो, तोच आकडे मोजतो आणि बाकीचे त्याच्या शब्दावर हलतात. डोळे बंद करून पट्टी लावतो, छातीखाली आणि कमरेखाली उशा ठेवतो म्हणजे पोट मोकळं राहतं, ईसीजीच्या चिकट्या पाठीवर लावतो. दर काही तासांनी तोंडाची बाजू बदलतो. तरी कधीकधी गालाला, हनुवटीला दाबाची जखम होते.

आणि ताई, नळीच्या आधी दोन मिनिटं त्यांच्याशी बोलून घ्या. नंतर झोपेचं औषध चालू असतं.

मलप्रभाकाठ
अक्कानं सही केली. आधी दोघं बोलले. दाजींनी खुणेनं उसाच्या तोडीचं विचारलं, टोळी आली का म्हणून.

सीमाभाग_८६५
खर्चाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कर्नाटकचं आरोग्य कार्ड असेल तर हे हॉस्पिटल त्या यादीत आहे का, ते आजच विचारा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. तुमचं गाव त्यात आहे का बघा. कोल्हापूरला न्यायची वेळ आलीच तर तिथल्या आरोग्यमित्राशी आधी फोनवर बोला, कागद नेमके कोणते लागतील ते तोच सांगेल.

मलप्रभाकाठ
कळवतो. नळी घातल्यावर बीपी पडलं, त्यासाठी औषध चालू केलंय. रात्रभर पालथं ठेवलं. श्वास ३७० मिलीचाच ठेवलाय, मी विचारलं, डॉक्टरांनी स्क्रीन दाखवली. सकाळी ६० टक्क्यांवर ऑक्सिजन ८४. म्हणजे १४० ना? पण लघवी कमी झालीय, क्रिएटिनिन २.१ आलंय, आणि ताप उतरला होता तो परत १०२ झाला. नळीतून पिवळा कफ येतोय. एक्मो नावाचं मशीन असतं म्हणे, त्याचं विचारू का?

भूलतज्ज्ञ_मिरज
हो, १४०. ७५ वरून एका रात्रीत एवढं येणं चांगलं आहे. पण पुन्हा उताणं केल्यावर त्यातलं किती टिकतं ते बघायचं. एक्मोत रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरतात. पालथं ठेवूनही आकडा ८० च्या खालीच सहा तासांपेक्षा जास्त राहिला तर त्याचा विचार होतो. आज दाजी त्या रेषेच्या बरेच वर आहेत.

मला काळजी तापाची जास्त वाटते. उतरलेला ताप परत चढणं आणि कफ पिवळा होणं म्हणजे फ्लूनं सोललेल्या फुप्फुसात जिवाणू शिरला असण्याची शक्यता. स्टॅफिलोकोकस आणि न्यूमोकोकस हे त्यातले नेहमीचे. कफ आणि रक्त कल्चरला पाठवलंय का, आणि उत्तर यायच्या आधीच अँटिबायोटिक बदललंय का, हे आज दुपारच्या भेटीत विचारा. लघवीचं कारण बीपी असेल, जंतू असेल किंवा दोन्ही. डायलिसिस लागेल की नाही ते मला इथून सांगता येणार नाही. रोजचं लघवीचं माप आणि पोटॅशियम विचारत राहा. टॅमिफ्लूचा डोस नव्या क्रिएटिनिनप्रमाणे पाहिलाय का, तेही विचारा.

मलप्रभाकाठ
कल्चर काल रात्रीच पाठवलंय, अँटिबायोटिक आज सकाळी बदललं. टॅमिफ्लूच्या डोसचं चार वाजता विचारतो.