'मेड मी टू राइट' का चुकतं? मराठीच्या आधाराने शिकवावं की मराठी बाजूला ठेवून?

होटगीरोडची_आई
लेक आठवीत आहे, सेमी इंग्रजी. तिनं 'टीचर मेड मी टू राइट इट अगेन' लिहिलं तर 'टू'वर लाल काट. त्याच्याच खाली 'आय वॉज मेड टू राइट इट अगेन' याला बरोबरची खूण. क्लासचे सर म्हणतात, डोक्यातली मराठी काढल्याशिवाय हे जमायचं नाही. मला ते पटत नाही. तुमचं काय मत?

सातरस्ता_सर
क्लासच्या सरांचं बरोबर आहे. 'मेक' आणि 'लेट'नंतर 'टू' कधीच येत नाही. 'वॉन्ट', 'टेल', 'आस्क', 'अलाउ'नंतर येतो. दोन याद्या पाठ करून घ्या, काम झालं. मराठी मध्ये आणली की पोरं 'लिहायला लावलं'मधला 'ला' धरतात आणि त्याच्या जागी 'टू' बसवतात. चूक तिथूनच येते. मी रोज वह्या तपासतो, मला दिसतं ते सांगतोय.

नवीपेठ_शिक्षिका
सर, चूक कुठून येते ते तुम्ही नेमकं सांगितलंत. पण 'कधीच' म्हटलं की त्या मुलीच्या दुसऱ्या वाक्याचं काय करायचं?

ताई, लेकीला दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला सांगा. पहिल्यात लावणारी बाई समोर आहे: 'टीचर मेड मी राइट'. 'मी'नंतर थेट 'राइट'. दुसऱ्यात बाई वाक्यातून गेल्या आणि जिला लिहायला लावलं ती पुढे आली. आता 'मेड'नंतर मध्ये कुणीच नाही, आणि तिथे 'टू' लागतोच. 'आय वॉज मेड राइट' हे चूक. 'सी'चंही असंच आहे. 'आय सॉ हिम क्रॉस द रोड', पण 'ही वॉज सीन टू क्रॉस द रोड'.

'लेट' मात्र या वाटेला जात नाही. 'मला जाऊ दिलं गेलं' म्हणायचं तर 'आय वॉज अलाउड टू गो' म्हणतात. 'ही वॉज लेट गो' असं लिहिलं तर वाचणारा समजेल की त्याला नोकरीवरून काढलं.

आता मराठीबद्दल. मी ती काढून टाकणार नाही, कारण या क्रियापदांमधला खरा फरक मुलांना मराठीतूनच चटकन कळतो. 'लिहायला सांगितलं, पण तिनं लिहिलं नाही' हे आपण सहज बोलतो. 'लिहायला लावलं, पण तिनं लिहिलं नाही' हे कानाला खटकतं, कारण लावलं म्हणजे काम झालंच. इंग्रजीत 'टोल्ड' आणि 'मेड'मध्ये हाच फरक आहे. आणि 'लिहू दिलं' म्हणजे 'लेट', तिची इच्छा होतीच, आपण आडवं आलो नाही. आठवीच्या मुलीला हे तिन्ही अर्थ माहीत आहेत. फक्त 'टू' कुठे घालायचा ते मराठी सांगत नाही. तेवढं इंग्रजीतूनच घ्यावं लागतं.

टॉवेल_एक्सपोर्ट
आमच्या एमआयडीसीत 'टू' आहे की नाही कोण बघतं? बायरला मतलब कळला की झालं. आम्ही 'काइंडली अलाउ टू शिप इन टू लॉट्स' असंच लिहितो, माल जातो, पैसे येतात. तुम्ही लोक उगाच पोरांना घाबरवता. एकदाच घोळ झाला होता, पण तो लेबलवरून, व्याकरणाचा काही संबंध नव्हता. आम्ही लिहिलं, 'वुई वॉन्ट टू चेंज द लेबल डिझाइन'. बायर म्हणाला ठीक आहे, बदला आणि पाठवा. आम्हाला म्हणायचं होतं की त्यांनी बदलून द्यावं. आठवडा वाट बघण्यात गेला.

नवीपेठ_शिक्षिका
दादा, तो घोळ याच विषयातला आहे. 'वुई वॉन्ट टू चेंज' म्हणजे बदलणारे आम्ही. 'वुई वॉन्ट यू टू चेंज' म्हणजे बदलणारे तुम्ही. मधला 'यू' गेला आणि काम तुमच्या अंगावर आलं. वाक्यात चूक काहीच नव्हती, म्हणूनच बायरला शंका आली नाही. मेलमध्ये 'वुड लाइक यू टू चेंज' लिहा, 'वॉन्ट' जरा हुकूम सोडल्यासारखं वाटतं.

'अलाउ'चंही तसंच. 'अलाउ टू शिप' नाही, 'अलाउ अस टू शिप'. कुणाला परवानगी ते मध्ये यावंच लागतं. माणूस आणायचाच नसेल तर 'टू' पण जातो: 'दे डोन्ट अलाउ पार्किंग हिअर'.

अशोकचौक_पूर्वभाग
तुम्ही सगळे मराठीवर भांडताय. आमच्या भागातल्या अर्ध्या पोरांच्या घरी तेलुगू आहे. 'जायला सांगितलं' याला आम्ही 'वेळ्ळमनि चेप्पाडु' म्हणतो. त्यातला 'अनि' म्हणजे तुमचं 'असं'. त्यामुळे माझा पुतण्या 'ही टोल्ड दॅट गो' लिहितो. बाई, तुमचा 'लावलं' आणि 'सांगितलं'चा आधार त्याला शाळेतल्या मराठीतून मिळेल, घरातून नाही. मग त्याला कुठून सुरू करायचं?

सातरस्ता_सर
हेच मी म्हणतोय. एका वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं बसतात. कुणाकुणाच्या भाषेतून समजावणार? आणि बाई, 'वॉन्ट'चं बोला ना. 'त्यानं यावं असं मला वाटतं' याचं पोरं 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' करतात. इथे मराठी आडवी येते की नाही?

नवीपेठ_शिक्षिका
'वॉन्ट'पुरतं येते. मराठीत 'त्यानं' कर्त्यासारखा बसतो, म्हणून मुलं 'ही' लिहितात. इंग्रजीत तिथे 'हिम' हवा, आणि 'दॅट' नकोच: 'आय वॉन्ट हिम टू कम'. म्हणून मी वर्गात 'वॉन्ट'ला मराठीतून हातच लावत नाही. 'मी, हिम, हर, देम' फळ्यावर लिहिते आणि प्रत्येकाला शेजाऱ्याकडून काहीतरी करून हवंय असं तोंडी बोलायला लावते. 'आय वॉन्ट हर टू ओपन द विंडो', 'आय वॉन्ट देम टू सिट डाउन'. पुतण्यालाही तिथूनच सुरू करा. 'टोल्ड'लाही तोच साचा चालतो, 'ही टोल्ड मी टू गो', म्हणजे त्याचा 'दॅट' आपोआप सुटेल. नकार आला की 'नॉट' हा 'टू'च्या आधी: 'ही टोल्ड मी नॉट टू गो', 'जाऊ नको म्हणाला'. 'ही डिडन्ट टेल मी टू गो' हे वेगळं, त्यात त्यानं जायला सांगितलंच नाही.

निवृत्त_जुळेसोलापूर
'मेड मी टू' पूर्वी इंग्रजीत चालायचं. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 23व्या स्तोत्रात 'मेक'नंतर 'टू' आहे. त्यामुळे पोरीला अडाणी समजू नका.

सातरस्ता_सर
काका, पेपर तपासणारा 1611चं इंग्रजी धरत नाही. आत्ता गुण जातात.

होटगीरोडची_आई
बाई, दोन्ही वाक्यं तिला समोरासमोर लिहायला लावली. 'लावली'च म्हणते, कारण तिला जेवायला उठायचं होतं. तिनं लगेच विचारलं, 'हेल्प'चं काय? पुस्तकात एकदा 'हेल्प्ड मी कॅरी' आहे, एकदा 'हेल्प्ड मी टू कॅरी'.

नवीपेठ_शिक्षिका
दोन्ही बरोबर, तिला हवं ते लिहू द्या. पण 'आय वॉज हेल्प्ड' अशी सुरुवात केली तर 'टू' घालायचाच.

सातरस्ता_सर
म्हणजे तिसरी यादी झालीच ना. मी अजून पाठांतराच्याच बाजूचा आहे. 'कधीच' ऐवजी मात्र 'लावणारा समोर असेल तोवर' असं सांगेन.

अशोकचौक_पूर्वभाग
पुतण्याला आज शेजारच्या पोरांबरोबर बसवतो. पण 'लावलं' आणि 'सांगितलं'मधला तो काम झालं-न झालंचा फरक तेलुगूतून कसा दाखवायचा, ते इथे कुणी तेलुगू बोलणारे शिक्षक असतील तर लिहा.