मुलाखतीतलं एक वाक्य, एकच फोटो आणि आवाजाबरोबर येणारा मजकूर: शॉर्ट कसा बांधावा?

मुलाखतवाली
एका निवृत्त परिचारिकेची तासाभराची मुलाखत रेकॉर्ड केली आहे. फक्त आवाज आहे, व्हिडिओ नाही. त्यात त्या म्हणतात, "रात्रपाळीत पेशंट वेळ विचारतो, तेव्हा त्याला घड्याळ नको असतं. कोणीतरी जागं आहे ना, एवढंच हवं असतं." दोन वाक्यांच्या मधे त्या दीड सेकंद थांबतात. सगळं मिळून अकरा सेकंद होतात. याचा उभा शॉर्ट करायचा आहे. फोटो कोणता घेऊ आणि अक्षरं कशी आणू? दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरते.

झटपट_एडिट
ताई, पहिली गोष्ट, सगळ्या शांत जागा कापून टाका. दीड सेकंद काहीच झालं नाही की लोक बोटाने पुढे सरकवतात. आवाज पहिल्या फ्रेमपासून सुरू व्हायला हवा. शब्द एकेक करून मोठ्या अक्षरात आदळू देत, महत्त्वाचा शब्द पिवळा. फोटो घड्याळाचाच घ्या, म्हणजे विषय लगेच कळेल.

पडद्यामागचा
पूर्ण एपिसोडला आपोआप सबटायटल लावायचे असतील तर आधी ट्रान्सक्रिप्ट करून घ्या, नंतर एसआरटी फाइल टाका. तासाभराला हाताने लिहीत बसू नका.

मुलाखतवाली
पूर्ण एपिसोडला नाही हो, ही दोनच वाक्यं.

फीतकात्री
सुरुवातीची शांतता कापा हे झटपट यांचं म्हणणं बरोबर आहे. पहिला शब्द दोन-तीन फ्रेममध्ये सुरू झाला पाहिजे. पण मधला दीड सेकंद कापू नका. पहिल्या वाक्याने प्रश्न उभा राहतो, "घड्याळ नको, मग काय हवं?" ऐकणारा तो प्रश्न त्या थांब्यातच स्वतःला विचारतो. थांबा काढलात तर दोन्ही वाक्यं एका दमात वाचून दाखवल्यासारखी वाटतील. एकदा कापून आणि एकदा तसंच ठेवून डोळे मिटून ऐका, लगेच कळेल.

आता मजकूर. शब्द एकेक आणू नका, एका श्वासात बोललेला तुकडा एकदम आणा. तुमच्याकडे चार तुकडे आहेत:

रात्रपाळीत पेशंट वेळ विचारतो,
तेव्हा त्याला घड्याळ नको असतं.
(थांबा)
कोणीतरी जागं आहे ना,
एवढंच हवं असतं.

प्रत्येक तुकडा आवाजाच्या दोन-तीन फ्रेम आधी दिसायला लागू द्या. आवाजानंतर आला तर मजकूर धावतपळत मागे येतोय असं वाटतं. फार आधी आला तर बघणारा वाक्य वाचून मोकळा होतो आणि आवाज शिळा होतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत सहा फ्रेमचं फेड पुरेसं आहे, उड्या-गिरक्या नकोत.

थांब्यात दुसरा तुकडा पाऊण सेकंद राहू द्या, मग जाऊ द्या. उरलेला पाऊण सेकंद पडद्यावर फक्त फोटो. त्यानंतर तिसरा येईल आणि चौथा त्याच्याच खाली येऊन बसेल, तिसरा न जाता. हे दोन तुकडे एकत्र वाचले जायला हवेत. आवाज संपल्यावर दीड सेकंद दोन्ही ओळी तशाच ठेवा.

अक्षरजुळणी
माझा अनुभव सांगतो, कारण मी यातच अडकलो होतो. टाइपरायटर इफेक्ट, म्हणजे एकेक अक्षर उमटणारा, देवनागरीला लावू नका. तो आतल्या कोडच्या क्रमाने चालतो. "विचारतो" लिहिताना आधी "व" दिसतो, मग वेलांटी डावीकडे घुसते आणि "व" उजवीकडे सरकतो. "रात्र" आधी "रात", मग पाय मोडलेला "रात्", मग "रात्र" होतं. प्रत्येक शब्द थरथरतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते, ते वेगळंच.

सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नसेल तर मी तुकडे इंकस्केपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी म्हणून बाहेर काढतो आणि टाइमलाइनवर चित्रासारखे ठेवतो. चार तुकडे, चार पीएनजी. मजकूर बदलला तर पुन्हा काढावे लागतात, पण जोडाक्षर फुटत नाही. मुक्ता किंवा बालू फॉन्ट ठळक वजनात घ्या आणि दोन ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला टेकते.

मुलाखतवाली
हे फार कामाचं आहे, माझा "विचारतो" अगदी असाच उडत होता! मग फोटो? माझ्याकडे तीन आहेत: बाईंचा चेहरा, भिंतीवरचं घड्याळ, आणि रात्रीचा वॉर्ड. वॉर्डच्या फोटोत टेबलावर दिवा लावलेला आहे, बाकी अंधार, माणूस कुणीच नाही.

फीतकात्री
घड्याळ नको. त्या म्हणताहेत की घड्याळ नकोय, आणि आपण तेच दाखवायचं? चित्राने वाक्यातला शब्द पुन्हा म्हणायचा नसतो, न बोललेला भाग दाखवायचा असतो. दिवा लावलेला आहे म्हणजे कोणीतरी जागं आहे. मी वॉर्डचा घेईन. शिवाय अंधारामुळे अक्षरांना जागा आयतीच मिळते, मागे काळी पट्टी लावावी लागत नाही.

फोटोचं माप किती आहे? आडवा १९२० × १०८० असेल तर अडचण आहे. त्यातून ९:१६ उभा तुकडा कापला की रुंदी सुमारे ६०७ पिक्सेल उरते, ती १०८० पर्यंत ताणली की फोटो मऊ पडतो. ४००० × ३००० असेल तर कापूनही रुंदी १६८७ राहते, झूमलाही पुरते.

मुलाखतवाली
४००० × ३००० आहे.

फीतकात्री
मग निर्धास्त. पूर्ण अवधीत १०० वरून १०६ टक्क्यांपर्यंत एकाच गतीने झूम करा आणि झूमचा केंद्रबिंदू दिव्यावर ठेवा, म्हणजे दिवा जागचा हलणार नाही आणि अंधार हळूहळू बाहेर सरकेल. मजकूर मात्र झूमबरोबर वाढवू नका, तो स्थिर. थांब्यातही हे झूम चालू असतं, त्यामुळे व्हिडिओ अडकला असं कुणाला वाटत नाही. झटपट यांची भीती इथे बरीचशी मिटते.

मजकूर मधोमध किंवा जरा वर ठेवा. खालचे सुमारे चारशे पिक्सेल आणि उजवी कड शीर्षक आणि बटणांखाली जातात. अपलोड झाल्यावर फोनवर एकदा बघाच.

झटपट_एडिट
थांब्याचं पटलं, एकदा कापून आणि एकदा तसाच ठेवून पाहीन. पण चेहऱ्याबद्दल मी ठाम आहे. आवाज कुणाचा हे दिसलं नाही तर लोक विश्वास का ठेवतील? रिकाम्या वॉर्डवर कुणीही काहीही लिहू शकतं.

अक्षरजुळणी
याला मीही पूर्ण नाही म्हणणार नाही. शेवटच्या दीड सेकंदात तळाशी, बटणांच्या वर, छोट्या अक्षरात "निवृत्त परिचारिका" आणि एपिसोडचं नाव दिलं तर?

फीतकात्री
ते चालेल. चेहरा घेतला तर मात्र शॉर्ट बाईंबद्दलचा होतो, दिवा घेतला तर रुग्णाबद्दलचा. हे तुम्ही ठरवायचं.

मुलाखतवाली
अजून एक. मूळ आवाजात "पेशंट, म्हणजे, वेळ विचारतो" असं आहे. "म्हणजे" काढलं की मागची पंख्याची घरघर तिथे एकदम तुटते.

फीतकात्री
त्याच रेकॉर्डिंगमधली नुसत्या घरघरीची दोन सेकंदं शोधा आणि खालच्या ट्रॅकवर कापल्या जागी अंथरा, दोन्ही टोकांना छोटं फेड. "म्हणजे" काढायला हरकत नाही. "एवढंच" मात्र कितीही ओढून बोलल्या असल्या तरी आखडू नका. आणि कापलेलं बाईंना एकदा ऐकवा, मगच टाका.

मुलाखतवाली
उद्या ऐकवते. दिवा आणि चेहरा, दोन्ही करून नेते, त्यांनाच विचारते.