मदत हवी आहे: कामांचा तक्ता फिरतो, पण सकाळपाशी अडतो

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. घरात चौघं, म्हणून कामांचे चार गट केले: पोळ्या-भाजी, भांडी, झाडू-पोछा आणि 'सकाळ', म्हणजे एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी भरणं नि ओला-सुका कचरा गाडीत टाकणं. दर सोमवारी प्रत्येकाचं नाव एक घर खाली सरकतं. चार आठवड्यांत फेरी पूर्ण.

मुलाचा क्लास नेमका नळाच्या वेळेला. त्याच्या 'सकाळ'च्या आठवड्यात ह्यांच्याकडे भांडी असतात, तेव्हा अदलाबदल केली. झालं काय, फेरीत ह्यांना दोनदा पहाटे उठणं आणि चिरंजीवांना दोनदा भांडी. दोघंही कुरकुरतात! 'सकाळ' तिघांतच फिरवावी का? मग मुलाला बदल्यात कोणतं काम द्यावं? कुणी असा तक्ता चालवलाय?